आठाचे ऐंशी कसे होतात? डॉक्टरांनी सांगितलेलं पत्र कागदावर येईपर्यंत काय घडतं

२००८ मधली अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातली गोष्ट आहे. मधुमेह असलेल्या एका महिलेला रुग्णालयातून डिस्चार्ज मिळणार होता. घरी जाण्याआधी काही दिवस तिला दुसऱ्या एका पुनर्वसन केंद्रात ठेवायचं ठरलं होतं. डॉक्टरांनी डिस्चार्जचं पत्र नेहमीसारखं बोलून रेकॉर्ड केलं. त्यात लेव्हेमिर नावाच्या इन्सुलिनचा डोस होता ८ युनिट. रेकॉर्डिंग ऐकून टाइप करण्याचं काम कंत्राटातून कंत्राट होत थेट भारतात आलं होतं. टाइप होऊन आलेल्या कागदावर डोस होता ८० युनिट.

पुनर्वसन केंद्रातल्या नर्सने तो कागद बघून औषधं लिहून घेतली आणि तेवढंच इन्सुलिन दिलं गेलं. साखर इतकी खाली गेली की त्या महिलेला वाचवता आलं नाही. २०१२ मध्ये ज्युरीने तिच्या कुटुंबाला १४ कोटी डॉलर्सची भरपाई देण्याचा निकाल दिला.

एक शून्य, बस्स. डॉक्टरांनी उपचार चुकवले नव्हते, नर्सने समोर लिहिलं होतं तेच केलं होतं. चूक झाली ती बोलणं आणि कागद यांच्या मधल्या जागेत. ती जागा आपल्याकडेही आहे. मोठ्या रुग्णालयांत डिस्चार्ज कार्ड, दुसऱ्या डॉक्टरांना लिहिलेलं रेफरल पत्र, एक्स-रे किंवा सोनोग्राफीचा रिपोर्ट हे सगळं बऱ्याचदा डॉक्टर बोलतात आणि दुसरं कुणीतरी टाइप करतं. कधी तो टायपिस्ट असतो, कधी शेजारी बसलेला ज्युनिअर डॉक्टर, तर कधी बोललेलं थेट अक्षरांत उतरवणारं सॉफ्टवेअर.

म्हणून हे पत्र नीट 'डिक्टेट' कसं करतात, कोणती संक्षिप्त रूपं धोक्याची असतात आणि सही करण्याआधी काय तपासायचं असतं, हे एका उदाहरणातून बघू. तुम्ही डॉक्टर असाल तर हे रोजचं काम आहे. नसाल तर घरातल्या फाइलमधलं एखादं डिस्चार्ज कार्ड समोर घेऊन वाचा, जास्त मजा येईल. किंवा धडकी भरेल.

उदाहरणातल्या आजी

या आजी काल्पनिक आहेत, पण अशा आजी प्रत्येक वॉर्डात असतात. वय ६७, गाव कराडजवळ. मधुमेह आणि थायरॉइडच्या गोळ्या अनेक वर्षं चालू. न्यूमोनिया झाला म्हणून पुण्यात रुग्णालयात सहा दिवस ठेवलं. या काळात साखर वाढली आणि किडनीवरही ताण आला, म्हणजे क्रिएटिनिन दोन महिन्यांपूर्वी १.१ होतं ते १.८ झालं. डॉक्टरांनी मेटफॉर्मिन बंद केलं आणि रात्री ग्लार्जिन इन्सुलिन ८ युनिट सुरू केलं. थायरॉइडची गोळी ५० मायक्रोग्रॅम, ती तशीच चालू. अँटिबायोटिक अजून तीन दिवस घ्यायचं. थुंकीचा कल्चर रिपोर्ट यायचा बाकी. आजींना सल्फाच्या औषधाने पूर्वी अंगावर पुरळ आलं होतं.

दुपारची राउंड संपवून डॉक्टर वॉर्डातल्या गोंगाटात घाईघाईने बोलतात. इंग्रजीतच, कारण पत्र इंग्रजीत जाणार असतं. साधारण असं: "सिक्स्टी सेव्हन इयर ओल्ड फिमेल, नोन केस ऑफ डीएम, अॅडमिटेड विथ न्यूमोनिया, नाऊ अफेब्राइल. डीसी मेटफॉर्मिन. ग्लार्जिन एट यू एचएस. थायरॉक्सिन फिफ्टी ओडी. ऑगमेंटिन सिक्स ट्वेंटी फाइव्ह वन झिरो वन. हिस्टरी ऑफ सल्फा अॅलर्जी. कल्चर अवेटेड. फॉलोअप आफ्टर वन वीक."

ऐकायला अगदी नेहमीचं वाटतं. डॉक्टरांना तर प्रत्येक शब्दाचा अर्थ माहीत आहे, कारण त्यांनी सकाळीच आजींना तपासलंय. अडचण अशी, की हे ऐकणाऱ्याने आजींना बघितलेलं नाही. आणि जो शेवटी वाचणार आहे, म्हणजे कराडचे फॅमिली डॉक्टर, त्याने ना आजींची इथली फाइल बघितली आहे ना हे रेकॉर्डिंग ऐकलंय.

आता यातला एकेक शब्द घेऊ.

'डीसी' म्हणजे बंद, की सोबत देऊन घरी?

सगळ्यात घातक शब्द इथे 'डीसी' आहे. डॉक्टरांना म्हणायचंय 'डिसकंटिन्यू', म्हणजे बंद करा. पण रुग्णालयात डीसीचा दुसरा अर्थ तितकाच रुळलेला आहे, तो म्हणजे 'डिस्चार्ज'. 'डीसी' लिहून खाली औषधांची यादी असली, तर वाचणारा ती 'डिस्चार्जच्या वेळची औषधं' म्हणून वाचतो. आजींच्या पत्रात 'डीसी मेटफॉर्मिन'च्या लगेच खाली इन्सुलिन, थायरॉक्सिन आणि अँटिबायोटिक आहे. कराडच्या डॉक्टरांना ती चार औषधांची सरळ यादी वाटली, तर त्यांना दोष देता येणार नाही. म्हणजे किडनीसाठी जी गोळी बंद केली, तीच चालू राहणार.

इलाज सोपा आहे. 'मेटफॉर्मिन बंद केलं आहे' असं पूर्ण वाक्य बोलायचं आणि मागोमाग कारणही सांगायचं, 'क्रिएटिनिन वाढल्यामुळे'. कारण सांगण्याचा फायदा असा, की टाइप करताना 'बंद' शब्द गळाला तरी वाचणाऱ्याला खटकतं. क्रिएटिनिन वाढलंय म्हणून मेटफॉर्मिन चालू केलं, असं कुणी करत नाही.

'यू' आणि शून्याचं जुनं वैर

युनिटसाठी 'यू' हे एकच अक्षर लिहिण्याची सवय जगभर आहे आणि जगभर ती बंद करायचा प्रयत्नही चालू आहे. हाताने लिहिलं तर `10U` हे सहज 100 दिसतं. अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशन या संस्थेने २००४ मध्ये 'वापरू नका' अशी संक्षिप्त रूपांची छोटी यादी काढली, त्यात युनिटचा 'यू' आहे. त्याच यादीत दशांशाचे दोन नियमही आहेत. पूर्ण आकड्यानंतर 'पॉइंट शून्य' लावायचं नाही, कारण 5.0 मधला ठिपका गेला की 50 उरतात. आणि एकापेक्षा लहान आकड्याआधी शून्य सोडायचं नाही, कारण .5 मधला ठिपका गेला की 5 उरतात.

बोलताना मात्र वेगळा धोका असतो. कानाला एट आणि एटी यांत फारसा फरक नाही. फिफ्टीन आणि फिफ्टी, थर्टीन आणि थर्टी यांचंही तेच. मागे कुणी ट्रॉली ढकलत असेल किंवा फोनची रेंज कमी असेल, तर शेवटचा 'न' कुठे गेला कळतही नाही. पत्रकारितेत मुलाखतींचं रेकॉर्डिंग उतरवून काढणाऱ्या कुणालाही विचारा, आकडे तीन-तीनदा मागे घेऊन ऐकावे लागतात. आमच्याकडे चुकला तर खुलासा छापता येतो.

म्हणून आकडा दोनदा, दोन वेगळ्या प्रकारे बोलायचा. 'एट युनिट्स, सिंगल डिजिट एट.' 'फिफ्टी मायक्रोग्रॅम, फाइव्ह झिरो.' 'फिफ्टीन, वन फाइव्ह.' बोलायला दोन सेकंद जास्त लागतात. तोच आकडा त्याच शब्दात पुन्हा म्हटला तर उपयोग नाही, कारण जे एकदा चुकीचं ऐकू आलं ते दुसऱ्यांदाही तसंच ऐकू येईल.

मराठीत फिफ्टी-फिफ्टीन नाही, पंधरा आणि पन्नास छान वेगळे आहेत. पण आपलाही सापळा आहे: सात, आठ, साठ. नर्स किंवा डॉक्टर नातेवाइकांना फोनवर डोस सांगत असतील तर 'आठ, म्हणजे दहाला दोन कमी' असं सांगणं विचित्र वाटलं तरी चांगलं.

इन्सुलिनचा विषय निघालाच आहे तर भारतातली एक खास गोष्ट. आपल्याकडे साध्या इन्सुलिनच्या बऱ्याच बाटल्या एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट अशा ताकदीच्या असतात, आणि पेनमधलं इन्सुलिन बहुतेक वेळा १०० युनिटचं. दोन्हींच्या सिरिंज वेगळ्या, ४० वालीचं टोपण लाल आणि १०० वालीचं केशरी. १०० युनिटचं इन्सुलिन चुकून ४० वाल्या सिरिंजने मोजलं तर डोस अडीचपट होतो. त्यामुळे पत्रात नुसतं 'ग्लार्जिन ८ युनिट' पुरत नाही. पेनने घ्यायचं की बाटलीतून, आणि ताकद किती, हेही बोलायला हवं.

ओडी, एचएस आणि १-०-१

'ओडी' म्हणजे दिवसातून एकदा, हे आपल्याकडे मेडिकल दुकानातल्या पोऱ्यालाही माहीत असतं. पण डोळ्यांच्या विभागात ओडी म्हणजे उजवा डोळा. आणि कॅज्युअल्टीत ओडी म्हणजे ओव्हरडोस. 'एचएस' म्हणजे रात्री झोपताना, पण तेच 'हाफ स्ट्रेंथ', अर्ध्या ताकदीचं, म्हणूनही वाचलं जातं. 'पीआयडी' हाडांच्या डॉक्टरांसाठी मणक्यातली सरकलेली चकती आणि स्त्रीरोगतज्ज्ञांसाठी ओटीपोटातला संसर्ग. 'आरटीए' म्हणजे रस्ता अपघात, आणि किडनीवाल्यांसाठी एक किडनीचा आजार. 'एमएस' तर हृदयाची झडप अरुंद होणं, मेंदू-मज्जारज्जूचा एक आजार आणि मॉर्फिन या तिन्हींसाठी चालतं.

यात गोम अशी आहे की संक्षिप्त रूप चुकीचं नसतं. आपल्या विभागात ते बरोबरच असतं. पत्र विभागाबाहेर गेलं की ते फुटतं. त्यामुळे यादी पाठ करण्यापेक्षा एक ढोबळ नियम बरा. बीपी, ईसीजी, एचआयव्ही अशी घराघरात पोचलेली रूपं सोडली तर बाकी सगळं पूर्ण बोलायचं. आणि औषधाच्या ओळीत तर एकही नाही.

१-०-१ ही आपली देशी पद्धत. सकाळी एक, दुपारी काही नाही, रात्री एक. कागदावर ती उत्तम चालते, कमी शिकलेल्या माणसालाही समजते. पण बोलताना 'वन झिरो वन' म्हटलं की टाइप करणारा कधी मधल्या रेघा विसरतो आणि सॉफ्टवेअर तर सरळ 101 लिहून मोकळं होतं. 'ऑगमेंटिन 625 101' असं वाचून नवख्या माणसाने काय समजायचं? त्यापेक्षा 'सकाळी एक, रात्री एक, जेवणानंतर' असं बोलावं आणि छापताना १-०-१ चा तक्ता वापरावा.

आणखी एक छोटं वाटणारं पण मोठं प्रकरण म्हणजे मायक्रोग्रॅम. एक मिलिग्रॅम म्हणजे हजार मायक्रोग्रॅम. थायरॉक्सिन ५० मायक्रोग्रॅमचं ५० मिलिग्रॅम झालं तर केमिस्ट ओळखेल, कारण तशी गोळी मिळतच नाही. पण प्रत्येक औषधाच्या बाबतीत असं कुंपण नसतं. 'एमसीजी' न म्हणता 'मायक्रोग्रॅम' हा आख्खा शब्द बोलायचा.

जे ऐकूनही वेगळं लिहिलं जातं

आजींच्या पत्रात 'अफेब्राइल' हा शब्द आहे, म्हणजे ताप नाही. रेकॉर्डिंगमध्ये 'नाऊ अफेब्राइल' हे 'नाऊ अ फेब्राइल' असं ऐकू येऊ शकतं, म्हणजे आता ताप आहे. एका जागेच्या फरकाने अर्थ उलटा. त्यापेक्षा 'गेल्या ४८ तासांत ताप नाही' हे सरळ वाक्य जास्त उपयोगाचं, कारण त्यात किती वेळ ताप नाही हेही कळतं.

अशा उलट्या शब्दांची डॉक्टरी इंग्रजीत रांगच आहे. हायपोटेन्शन म्हणजे बीपी कमी, हायपरटेन्शन म्हणजे जास्त. डिस्फेजिया म्हणजे गिळायला त्रास, डिस्फेझिया म्हणजे बोलण्याची अडचण, आणि पक्षाघाताच्या रुग्णाला दोन्ही असू शकतात, त्यामुळे संदर्भावरूनही ओळखता येत नाही. कार्बिमाझोल थायरॉइडसाठी, कार्बामाझेपिन फिट्ससाठी. अशा ठिकाणी 'गिळायला त्रास', 'बीपी कमी' असे साधे शब्द घ्यायचे. औषध असेल तर जेनेरिक नाव स्पेलिंगसह सांगायचं आणि ते कशासाठी आहे तेही जोडायचं. 'कार्बिमाझोल, थायरॉइड वाढल्यामुळे' असं म्हटलं की टायपिस्टलाही धागा मिळतो.

नकार हा सगळ्यात नाजूक शब्द. 'नो' हे दोन अक्षरांचं आहे आणि वाक्याच्या सुरुवातीला येतं. रेकॉर्डिंगचं बटण दाबून आपण लगेच बोलायला लागलो तर पहिलाच शब्द कापला जातो. 'नो अॅलर्जी'चं 'अॅलर्जी' होतं. बटण दाबल्यावर एक श्वास थांबावं, आणि नकार वाक्याच्या पोटात ठेवावा: 'पेशंटला कुठल्याही औषधाची अॅलर्जी असल्याचं माहीत नाही.' आजींना तर अॅलर्जी आहे. तिथे नुसतं 'सल्फा अॅलर्जी' न म्हणता 'सल्फाच्या औषधाने अंगावर पुरळ आलं होतं' असं म्हटलं, तर पुढच्या डॉक्टरला ती किती गंभीर होती हे कळतं.

मग पत्राचा क्रम काय असावा?

आपण गोष्ट सांगतो तशी सुरुवातीपासून सांगायचा मोह होतो. रुग्ण आला, हे झालं, ते झालं, मग हे केलं, आणि शेवटी औषधं. वाचणाऱ्याला मात्र शेवटचं आधी हवं असतं. फॅमिली डॉक्टरच्या दाराबाहेर वीस माणसं बसलेली असतात. त्याला तीन गोष्टी बघायच्या असतात: काय झालं होतं, औषधांत काय बदललं, आणि आता मी काय करायचं.

म्हणून आधी ओळख: पूर्ण नाव, वय, रुग्णालयाचा नोंदणी क्रमांक, पत्र कुणाला आणि कुणाकडून. एकाच वॉर्डात एकाच आडनावाचे दोन पेशंट असणं ही आपल्याकडे रोजची गोष्ट आहे, त्यामुळे क्रमांक आकडा-आकडा वेगळा करून बोलायचा. मग निदान, एकेका ओळीत. मग औषधं. त्यानंतर पुढच्या डॉक्टरकडून काय अपेक्षा आहे. रुग्णालयात काय-काय घडलं याची कहाणी सगळ्यात शेवटी, आणि थोडक्यात.

याला एक अगदी आजचं कारणही आहे. डिस्चार्ज कार्ड हल्ली मूळ कागदापेक्षा व्हॉट्सअॅपवरच्या फोटोतून जास्त फिरतं. मुलगा पहिल्या पानाचा फोटो काढतो, डॉक्टरांना पाठवतो आणि दुसरं पान राहून जातं. औषधं दुसऱ्या पानावर असतील तर ती पोचलीच नाहीत असं समजा.

औषधांचे तीन गट करून बोलणं ही या सगळ्यातली मला सर्वात पटलेली युक्ती. नवीन सुरू केलेली, बंद केलेली आणि पूर्वीचीच चालू ठेवलेली. बहुतेक पत्रांत फक्त 'घ्यायची औषधं' असतात. बंद केलेल्यांचा उल्लेखच नसतो. मग घरी जुन्या गोळ्यांचा डबा असतोच, आजी नव्या गोळ्यांसोबत त्याही घेतात, कारण 'बंद करा' असं कुणी लिहूनच दिलेलं नसतं.

भारतात रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या एनएबीएचच्या निकषांतही डिस्चार्ज समरीमध्ये दाखल होण्याचं कारण, निदान, महत्त्वाच्या तपासण्या, घरी जातानाची अवस्था, औषधं, फॉलोअप, आणि तातडीची मदत कधी व कशी घ्यायची हे सगळं असावं असं सांगितलंय. शेवटचा मुद्दा सगळ्यात जास्त वेळा 'इमर्जन्सी असल्यास कळवा' एवढ्यावर भागवला जातो. नवीन इन्सुलिन सुरू झालेल्या आजींना इमर्जन्सी म्हणजे काय, हे कोण सांगणार?

आता हेच पत्र पुन्हा बोलू. प्रत्यक्षात ते इंग्रजीत असेल, इथे मराठीत देतेय:

"शीर्षक, निदान. एक, न्यूमोनिया, उजव्या बाजूचा, राइट. दोन, मधुमेह. तीन, क्रिएटिनिन वाढलेलं, वन पॉइंट एट, दोन महिन्यांपूर्वी वन पॉइंट वन. चार, थायरॉइड कमी.

नवी ओळ. शीर्षक, नवीन औषधं. इन्सुलिन ग्लार्जिन, पेन, १०० युनिट प्रति मिलिलिटर. आठ युनिट, सिंगल डिजिट एट, रात्री झोपताना, पोटाच्या त्वचेखाली. दुसरं, अमॉक्सिसिलिन आणि क्लाव्ह्युलॅनिक अॅसिड, ६२५ मिलिग्रॅम, सिक्स टू फाइव्ह, सकाळी एक आणि रात्री एक, जेवणानंतर, आणखी तीन दिवस, मग बंद.

शीर्षक, बंद केलेली औषधं. मेटफॉर्मिन बंद केलं आहे, क्रिएटिनिन वाढल्यामुळे. पुन्हा सुरू करायचं की नाही ते पुढच्या रिपोर्टनंतर आम्ही ठरवू.

शीर्षक, पूर्वीचीच चालू. थायरॉक्सिन ५० मायक्रोग्रॅम, फाइव्ह झिरो, दिवसातून एकदा, सकाळी उपाशीपोटी.

शीर्षक, अॅलर्जी. सल्फाच्या औषधाने पूर्वी अंगावर पुरळ.

शीर्षक, आपल्याला विनंती. एक आठवड्याच्या आत क्रिएटिनिन तपासावं. छातीचा एक्स-रे सहा आठवड्यांनी पुन्हा काढावा. थुंकीचा कल्चर रिपोर्ट बाकी आहे, तो आम्ही बघून पेशंटच्या मुलाला कळवू.

शीर्षक, पेशंटला सांगितलेलं. घाम, थरथर, गोंधळल्यासारखं वाटलं तर साखर मोजावी, ७० च्या खाली असेल तर लगेच साखर किंवा ग्लुकोज घ्यावं, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावी आणि डॉक्टरांना कळवावं. बेशुद्ध असतील तर तोंडातून काही न देता लगेच रुग्णालयात आणावं."

वाचायला लांब वाटतं, बोलायला दोन-अडीच मिनिटं. आधीच्या घाईच्या पत्रात 'कल्चर अवेटेड' हे दोन शब्द होते. तो रिपोर्ट कोण बघणार, हे त्यात कुठेच नव्हतं. रुग्णालयाला वाटतं फॅमिली डॉक्टर विचारतील, फॅमिली डॉक्टरांना वाटतं रुग्णालय कळवेल, आणि रिपोर्ट लॅबच्या संगणकात पडून राहतो. 'आम्ही' किंवा 'आपण' यातला एक शब्द त्या वाक्यात असलाच पाहिजे.

सही करण्याआधी

टाइप होऊन आलेलं पत्र डॉक्टरांकडे परत येतं. अलाबामाच्या प्रकरणातून पुढे आलेला मोठा प्रश्न हाच होता, की टाइप झालेला कागद डॉक्टरांच्या नजरेखालून गेल्याची खात्री नसताना पुढे वापरला कसा गेला.

नजर फिरवणं किती कामाचं असतं याचा एक अंदाज २०१८ मध्ये 'जामा नेटवर्क ओपन' या नियतकालिकातल्या अमेरिकी अभ्यासातून येतो. सॉफ्टवेअरने बोलण्यावरून तयार केलेल्या २१७ नोंदी तपासल्या तेव्हा मूळ मसुद्यात दर १०० शब्दांमागे सरासरी ७.४ चुका होत्या. व्यावसायिक टायपिस्टने रेकॉर्डिंगशी ताडून बघितल्यावर त्या ०.४ वर आल्या, आणि डॉक्टरांच्या सहीनंतर ०.३ वर. म्हणजे खरी गाळणी टायपिस्टची आहे. जिथे टायपिस्ट नाही आणि सॉफ्टवेअरचा मसुदा थेट डॉक्टरांसमोर येतो, तिथे त्या सातही चुका सही करणाऱ्यालाच पकडायच्या असतात.

आणि आपलंच पत्र वाचताना आपण वाचत नाही, आठवतो. आठ बोललो होतो हे माहीत असतं, म्हणून डोळा ऐंशीवरून सरकून जातो. त्यामुळे पत्र डोक्यातल्या आठवणीशी ताडायचं नाही, वॉर्डातल्या औषधांच्या तक्त्याशी ताडायचं. एका हाताचं बोट तक्त्यावर, दुसऱ्या हाताचं पत्रावर, एकेक ओळ. जमल्यास आकडे मोठ्याने वाचावेत. डोस नेहमीपेक्षा दहापट जास्त किंवा कमी दिसतोय का, हा प्रश्न प्रत्येक ओळीला. मग पत्रात जिथे-जिथे 'नाही' आहे तिथे थांबायचं. मग डावं-उजवं, स्त्री-पुरुष आणि तारखा.

जुन्या पेशंटचं पत्र उघडून त्यावरच नवीन लिहिण्याची सवय असेल, तर आधीच्या माणसाची अॅलर्जी किंवा बायपास ऑपरेशन नवीन माणसाच्या पत्रात राहून जातं. ६७ वर्षांच्या आजींच्या पत्रात 'ही' आणि 'हिज' दिसलं की फक्त तो शब्द दुरुस्त करून पुढे जायचं नाही. ती खूण आहे. अख्खं पत्र पुन्हा वाचायचं.

मोकळ्या जागांचं महत्त्वही थोडं सांगायला हवं. चांगला टायपिस्ट न कळलेल्या ठिकाणी अंदाजाने शब्द घालत नाही, रेघ मारून जागा सोडतो आणि रेकॉर्डिंगमध्ये ते कितव्या मिनिटाला आहे ते नोंदवतो. डॉक्टर अशा रेघांवर चिडले तर पुढच्या वेळी तो अंदाज लावायला शिकतो. रेघ भरताना मात्र फाइल उघडायची. 'असंच काहीतरी असेल' म्हणून भरलेली जागा टायपिस्टच्या अंदाजाइतकीच कच्ची असते.

काही पत्रांवर 'सांगितलेलं, पण वाचून तपासलेलं नाही' अशा अर्थाचा शिक्का असतो. पत्र लवकर जावं म्हणून ही सोय. पण वाचणाऱ्यासाठी त्याचा अर्थ एवढाच, की यातला डोस फोन करून विचारल्याशिवाय वापरू नका. पत्रावर बोलल्याची, टाइप झाल्याची आणि सहीची अशा तीन वेगळ्या तारखा असाव्यात. बोलणं आणि सही यांत दहा दिवसांचं अंतर दिसलं, तर मधल्या काळात औषध बदललं असण्याची शक्यता असते.

कागद तुमच्या हातात आल्यावर

डिस्चार्जच्या दिवशी बिल, विमा, गाडी या सगळ्या धावपळीत कार्ड वाचायला कुणाला वेळ नसतो. तरी पाच मिनिटं काढून नर्स किंवा ज्युनिअर डॉक्टर समोर असतानाच ते उघडा. घरून आणलेल्या जुन्या गोळ्यांची पिशवी जवळ ठेवा आणि प्रत्येक पाकिटाबद्दल विचारा: ही चालू, बंद की बदलली? ज्या गोळीचं नाव कार्डवर कुठेच नाही, तिच्याबद्दल आधी विचारा. इन्सुलिन असेल तर डोसचा आकडा त्यांनाच अक्षरांत लिहायला सांगा, 'आठ'. कुठला रिपोर्ट बाकी आहे आणि तो कोण कळवणार, तेही. कार्डावर चूक सापडली तर पेनाने स्वतः खाडाखोड करू नका. त्यांच्याकडून दुरुस्त करून, सही आणि तारीख घेऊन नवीन प्रत घ्या, आणि जुनी प्रत फाइलमधून व मोबाइलमधूनही काढून टाका. नाहीतर सहा महिन्यांनी घाईच्या वेळी नेमका तोच फोटो सापडतो.